बहुमताने बदललेली अठरा तारीख

ज्योतीराम तारबाबूंना एक वाक्य पुरतं बोलताना चिंचवडात कुणी ऐकलं नव्हतं. सव्वीस वर्षं चिंचवड स्टेशनात तारेच्या किल्लीवर बोट आपटल्यावर माणसाच्या जिभेची पण किल्लीच होते. दर शब्दाला पैसे पडतात ही गोष्ट त्यांच्या हाडात इतकी मुरली होती, की पेन्शन घेऊन तीन वर्षं झाली तरी बोलण्याआधी ते डाव्या हाताच्या बोटांवर शब्द मोजत. पाच बोटांत मावलं तर बोलत. नाही मावलं तर मान हलवून विषय संपवत.

थोरला मुलगा झाला तेव्हा त्यांनी सासुरवाडीला स्वतःच्या हाताने तार ठोकली होती: 'मुलगा. ठीक.' सासरे पाबळचे. ठीक कोण, मुलगा की मुलाची आई, हे त्यांना कळेना. दोघं असतील तर एकाचाच उल्लेख का? म्हातारा रडत रडत चिंचवडला येऊन पोचला, तर लेक खाटेवर बसून डिंकाचा लाडू खात होती. अंबूबाईंनी ही गोष्ट पंचवीस वर्षं जपून ठेवली होती आणि आल्यागेल्याला सांगितली होती. "दोन शब्द जास्त घातले असते तर काय इंजिन रुळावरून उतरणार होतं?" असं त्या शेवटी विचारत. तारबाबू तिथेच बसलेले असत. "नियम," म्हणत. एक शब्द.

नवऱ्याने वाचवलेले सगळे शब्द अंबूबाई वापरत, त्यामुळे एकूण घरात बोलणं इतर घरांइतकंच व्हायचं.

असा माणूस मजूर सोसायटीचा चिटणीस झाला तो इंग्रजी येतं म्हणून. इंद्रायणी मजूर सहकारी सोसायटी म्हणजे पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या आसपास दगड फोडणारी, मुरूम वाहणारी, पाये खोदणारी साठ माणसं. काही इथली, बरीचशी नगर, बीड, साताऱ्याकडून आलेली. पूर्वी हीच माणसं कंत्राटदाराच्या हाताखाली राबत. कंत्राटदार सरकारकडून घेई एक दर आणि ह्यांना देई दुसरा, आणि दोन दरांच्या मधल्या जागेत त्याचा दुमजली बंगला उभा राहिला होता. मग कुणीतरी सांगितलं, की सोसायटी काढा, कामं थेट तुमच्या नावावर घ्या. सोसायटी निघाली. माळावर कारखाने उभे राहायला लागले होते, त्यांच्या नोकरांना राहायला चाळी बांधायच्या होत्या, कामं पुष्कळ दिसत होती. फक्त प्रत्येक काम एका इंग्रजी बाडात बांधलेलं असे. म्हणून तारबाबू.

सोसायटीची कमिटी फार कामाची माणसं होती. म्हणजे ती सतत कुठल्यातरी कामात असत. चेअरमन दौलतराव हे चार संस्थांचे चेअरमन होते, आणि चारही ठिकाणी "जरा तिकडे जाऊन येतो" म्हणून उठत. सोपानरावांची पिठाची गिरणी होती. सोसायटीची खोली गिरणीला लागूनच असल्याने सोसायटीचा प्रत्येक कागद ज्वारीच्या पिठाने पांढरा झालेला असे आणि अर्ज झटकल्याशिवाय वाचता येत नसे. हिंदुराव पूर्वी पैलवान होते, आता लॉरीचे मालक. ते कुठल्याही प्रश्नाचा विचार खांद्याने करत. आणि चौथ्या शालनबाई. त्या स्वतः खडी वाहत. कायद्याप्रमाणे काम करणाऱ्यांपैकी कुणीतरी कमिटीत हवं, असं सहकार खात्याचे इन्स्पेक्टर म्हणाले होते, म्हणून त्यांना घेतलं. बैठकीला येताना त्या पाटी दाराबाहेर उपडी ठेवून आत येत आणि निघताना पाटीवर दुसऱ्या कुणाची चप्पल नाही ना, हे बघून घेत.

ह्या इन्स्पेक्टरांनीच आणखी एक घोळ करून ठेवला होता. पहिल्या वर्षी दप्तर तपासताना ते दौलतरावांवर खेकसले होते, "ठरावाशिवाय सोसायटीत पान हलता कामा नये!" दौलतरावांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून सगळं ठरावाने चाले. चहात साखर कमी, ठराव. दारातलं कुत्रं हाकलावं, ठराव. सत्तावन्न नंबरचा ठराव असा होता, की खोलीतलं घड्याळ पंधरा मिनिटं मागे आहे, सबब घड्याळात दाखवील तीच वेळ सोसायटीपुरती खरी धरावी. सूचक सोपानराव, अनुमोदक हिंदुराव, मंजूर. ठराव झाला, की गोष्ट झाली, अशी कमिटीची मनापासून श्रद्धा होती. दुरुस्तीला घड्याळजीकडे कोण जातो?

छप्पन सालच्या जानेवारीत एक मोठं टेंडर निघालं. नोकरवस्तीच्या बारा चाळींचे पाये खोदायचे, दगड आणि मुरूम पुरवायचा. साठ माणसांना पावसाळ्यापर्यंतचं काम. नाही मिळालं तर ते बंगलेवाले कंत्राटदार घेणार आणि पुन्हा त्यांच्याच हाताखाली, त्यांच्याच दराने, तेच पाये ह्याच माणसांनी खोदायचे. शालनबाईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. त्यांनी बैठकीत एवढंच विचारलं, "तारबाबू, आपल्याला भरता येतंय का ते?"

तारबाबूंनी टेंडरचं बाड विकत आणलं. ब्याण्णव पानं, सायक्लोस्टाइल, शाई निम्म्या ठिकाणी फुटलेली.

"मला वेळ न्हाई," दौलतराव म्हणाले. "ब्याण्णव पानं कोन वाचनार? तुमी वाचा आन् आमाला येका कागदात करून द्या. आपन पात्र हाय का, कधी द्यायचं, काय काय जोडायचं. बास."

वास्तविक कामाची मागणी ह्याहून स्पष्ट कुणी करू शकलं नसतं. दौलतराव चुकून कधीकधी असं शहाण्यासारखं बोलून जात.

तारबाबूंनी तीन दिवस बाड वाचलं आणि चौथ्या दिवशी कमिटीपुढे सारांश ठेवला. खरोखर एकाच कागदावर होता. त्यावर लिहिलं होतं:

'पात्र. अठरा. तीन. लखोटा. पाच कागद.'

सोपानरावांनी कागद झटकून पुन्हा पाहिला.

"हे काय वं?" सोपानराव म्हणाले. "कुनाचं बारसं हाय का?"

"सारांश," तारबाबू म्हणाले.

"अठरा काय? तीन काय?"

"तारीख. वेळ."

"मग तसं लिवा की!" हिंदुराव म्हणाले. "आमी काय तारंच्या खांबाव बसून ऐकतोय व्हय?"

शालनबाई म्हणाल्या, "तारबाबू, ह्यातनं मला उद्या सकाळी उठून काय करायचं ते कळंना. तसं लिवा की मला कळंल."

तारबाबूंना हे लागलं. सव्वीस वर्षांत त्यांच्या तारेतला एक शब्द चुकला नव्हता, पण तार मिळालेल्या माणसाने पुढे काय केलं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तार गेली, की काम संपलं. एकदाच एक माणूस तार वाचून समोर आला होता, आणि तो पाबळचा सासरा होता. घरी जाऊन ते अंबूबाईंना म्हणाले, "पुन्हा लिहितो. मोठं." अंबूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि देवापुढे साखर ठेवली.

ह्या वेळी त्यांनी जे केलं ते नीट सांगायला हवं, कारण कारकुनांच्या पिढ्या गेल्या तरी ते कुणाला सुचत नाही. त्यांनी तीन पेन्सिली घेतल्या. कोण भरू शकतो हे जिथे आलं तिथे निळी खूण, केव्हापर्यंत हे जिथे आलं तिथे लाल, काय जोडायचं तिथे काळी. मग बाड पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचलं, एकेका रंगासाठी एकेकदा. टेंडर लिहिणाऱ्या साहेबांची गंमत अशी असते, की महत्त्वाची अट ते कधी मथळ्याखाली घालत नाहीत. बयाण्याची रक्कम अकराव्या पानावर होती, ती रोख किंवा चेकने चालणार नाही, सरकारी खजिन्यात भरल्याची पावतीच हवी, हे चाळिसाव्या पानाच्या तळटीपेत होतं, आणि पावती कुठल्या अधिकाऱ्याच्या नावे हवी ते सिमेंटची पोती कशी रचावीत ह्या प्रकरणात. पहिल्या पानावर शेवटची तारीख पंचवीस जानेवारी होती. अठ्ठ्याऐंशीव्या पानाच्या मागे खळीने चिकटवलेली एक चिठ्ठी होती: शुद्धिपत्रक, पंचवीसऐवजी अठरा वाचावे. खळ सुटून चिठ्ठी लोंबत होती. एका बोटाचा धक्का लागला असता तर पडली असती आणि तिच्याबरोबर पाच महिन्यांचं काम.

तारबाबूंनी अंदाज केला नाही. पुण्याच्या कचेरीला पत्र लिहून विचारलं, खरी तारीख कोणती. उलट टपाली उत्तर आलं: अठरा.

मग त्यांनी सारांश लिहिला. एक पान, तीन भाग. पहिला, आपण पात्र आहोत का: नोंदणीचा दाखला पाहिजे, आहे. गेल्या तीन वर्षांत असंच एक काम पुरं केल्याचा दाखला पाहिजे, तो काम देणाऱ्या अधिकाऱ्याचा, गावच्या पाटलाचा चालणार नाही. लोकल बोर्डाचा रस्ता आपण केला आहे, दाखला आणायचा आहे. ऐपतीचा दाखला पाहिजे, मामलेदार कचेरीतून. मिळायला आठ दिवस लागतात, म्हणून अर्ज उद्याच. दुसरा भाग, केव्हा: बुधवार, अठरा जानेवारी, दुपारी तीन. एक मिनिट उशिरा आलेलं उघडणार नाहीत. पान एकवरची पंचवीस तारीख रद्द, अठ्ठ्याऐंशीच्या मागची चिठ्ठी खरी, कचेरीचं पत्र सोबत. तिसरा, लखोट्यात काय: तेच विकत घेतलेलं बाड, प्रत्येक पानावर सही, दर आकड्यात आणि अक्षरात, खाडाखोडीवर सही, खजिन्याची पावती, तिन्ही दाखले, आणि सही करणाऱ्याला सोसायटीने अधिकार दिल्याच्या ठरावाची नक्कल. लाखेची मोहोर, वर कामाचं नाव.

आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात बाडातलं पान. ज्याला शंका येईल त्याने उघडून बघावं.

अंबूबाईंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आता कसं! पाबळला अशी तार गेली असती तर माझा बाप धोतर उलटं नेसून आला नसता."

बैठक भरली. तारबाबूंनी सारांश वाचला. सगळ्यांना समजला. इथेच घात झाला. पहिला सारांश कुणाला कळला नव्हता म्हणून निदान कुणी त्याला हात लावला नव्हता.

"झ्याक," दौलतराव म्हणाले. "आता मंजुरीला घेऊ. दुरुस्त्या कुनाच्या?"

"दुरुस्त्या?" तारबाबू.

"ठराव हाय न्हवं हा? मग दुरुस्त्या नगं?"

सोपानरावांनी हात वर केला. "ऐपतीचा दाखला काढून टाका. ऐपत माझी अख्ख्या चिंचवडाला म्हाईत. मामलेदाराला नसंल तर त्यानं दळान घेऊन यावं."

"अनुमोदन," हिंदुराव म्हणाले. "आन् ते कामाच्या दाखल्याचं. रस्ता आपन केला, रस्ता जाग्यावर हाय. सायबानं येऊन चालून बघावं. दाखला कशाला?"

"अट त्यांची," तारबाबू बोटं मोजत म्हणाले. "आपली नव्हे."

"कागद कुनी लिवला? तुमी. तुमी कुनाचे? सोसायटीचे. मग कागद सोसायटीचा," दौलतराव म्हणाले. ह्यात कुठे चुकलंय ते पाच शब्दांत सांगणं कुणालाही अवघड गेलं असतं. "फुडं. परत्येक पानाव सही. ब्याण्णव सह्या? माझी सही लांब हाय, वडलांच्या नावासकट. पयल्या आन् शेवटच्या पानाव करतो. मधली पानं कुटं पळून जात्यात?"

मंजूर.

"आता तारीख. अठराला माझ्या मेव्हन्याकडं साखरपुडा हाय, तळेगावला. सोपानराव बी हायेत. हिंदुरावची लॉरी तिकडंच हाय. वीस तारीख करा."

तारबाबूंनी अठ्ठ्याऐंशीवं पान उलटून चिठ्ठी दाखवली. दौलतरावांनी ती दोन बोटांत धरून दिव्यासमोर पारखली, जसं खोटं नाणं पारखतात. "ही मागनं चिकटिवली. पयल्या पानाव छापील पंचवीस हाय. छापील मोठं का चिकटिवलेलं मोठं?"

"मागचं," तारबाबू म्हणाले. "पत्र आहे."

"पंचवीस न्हाई, अठरा न्हाई," सोपानराव म्हणाले. "वीस. दोगांचा मान ऱ्हायला."

"आन् येळ? तीनच कशाला? दिसभरात," हिंदुराव म्हणाले.

शालनबाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, "माझं न्हाई म्हनून लिवा."

"कशाला?"

"सगळ्याला. पुन्यातला साहेब आपल्या मेव्हन्याला वळकतो का?"

हिंदुराव हसले, मग दौलतरावांकडे बघून थांबले. ठराव झाला: सारांश दुरुस्तीसह मंजूर, तीन विरुद्ध एक. दर ठरले. बयाण्याच्या रकमेला मात्र कुणी हात लावला नाही, पैसे सोसायटीचे होते. बँकेच्या कागदावर दौलतरावांनी वडलांच्या नावासकट सही केली आणि "जरा तिकडं जाऊन येतो" म्हणून गेले.

चिटणीस म्हणून हे सगळं इतिवृत्तात तारबाबूंनाच लिहावं लागलं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: टेंडरची अखेरची तारीख वीस जानेवारी, वेळ दिवसभरात, अशी करण्यात आली.

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप मामलेदार कचेरीत अर्ज देऊन आले, लोकल बोर्डात दाखला मागून आले, खजिन्यात बयाणा भरून पावती घेऊन आले. त्याला त्यांना आणखी कुणाची सही लागली नाही. संक्रांतीला अंबूबाईंनी केलेले तिळगूळ घेऊन ते मामलेदार कचेरीतल्या कारकुनाकडे गेले आणि "गोड बोला" म्हणाले. "बोला" म्हणताना त्यांचा चेहरा असा होता, की आपण स्वतः काहीच बोलणार नाही हे कारकुनाला कळलं. दाखला मिळाला. पण बाडावर सह्या कोण करणार? अधिकार दौलतरावांना, आणि दौलतराव वीस तारखेला दोन पानांवर करणार.

खाणीवर दुपारच्या भाकरीच्या वेळी ते शालनबाईंना शोधत गेले. "अडलं," म्हणाले.

"काय अडलं?"

"सह्या."

शालनबाईंनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तुमी येवढं ब्याण्णव पानी बाड उलगडलं. सोसायटीचं बाड कवा वाचलंय का? तीन वर्सं ह्ये ठरावच तर करत्यात. त्यात कायतरी शहान्यासारकं चुकून केलं आसंलच की."

तारबाबू खाणीतल्या दगडावरून उठले. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या इतिवृत्ताच्या तीन वह्या त्यांनी कधी उलटून वाचल्या नव्हत्या. तार गेली, काम संपलं, तेच. घरी जाऊन त्यांनी तिन्ही वह्यांवरचं पीठ झटकलं आणि काळी पेन्सिल घेऊन बसले. चहा, कुत्रं, घड्याळ, सतरंजीचा कोपरा, कुत्रं पुन्हा. आणि बारा नंबरचा ठराव: चेअरमनसाहेबांच्या उजव्या हातास गांधीलमाशी चावल्याने, बाहेरील कचेऱ्यांना द्यावयाच्या टेंडर व इतर कागदांवर चिटणीस व कमिटीचा कोणताही एक सभासद यांनी मिळून सह्या कराव्यात. हात बरा झाला होता. ठराव रद्द करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा ठराव लागला असता ना.

त्या दिवशीच्या ठरावात दौलतराव स्वतः दोन पानांवर सही करणार, एवढंच होतं. बाकीच्यांनी करू नये असं कुठे नव्हतं.

दुसऱ्या दुपारी खाणीवर सह्यांना सुरुवात झाली. तारबाबूंची सही म्हणजे एक रेघ आणि एक टिंब. शालनबाईंची सही मात्र नवीन होती. भोसरीच्या साक्षरतेच्या वर्गात त्यांनी ती मागच्याच वर्षी मिळवली होती आणि आतापर्यंत एकूण सात वेळा वापरली होती. पहिल्या पानावर 'शा' काढायलाच त्यांनी इतका वेळ घेतला, की तारबाबूंची रेघ वाळली. बाकीच्या बाया भोवती कोंडाळं करून बसल्या.

"अगं, ल ची शेंडी कुटं ऱ्हायली?"

"ऱ्हाऊ दे, वाऱ्यानं उडाली."

"सोळा पानं झाली. दगूड फोडला आसता तर ब्रास भरला आसता!"

चाळिसाव्या पानापर्यंत हात सैल झाला. साठाव्याला शालनबाई बोलत बोलत सही करू लागल्या. तीन दुपारी गेल्या. ब्याण्णवाव्या पानावर त्यांनी 'शालन' असं एका झटक्यात लिहिलं, की शेवटचा 'न' कागदाबाहेर जाता जाता थांबला. पहिलं आणि शेवटचं पान शेजारी धरलं असतं तर ती दोन वेगळ्या बायकांची सही वाटली असती.

अठराला सकाळच्या गाडीने दोघं पुण्याला गेले. त्याच वेळी कमिटी तळेगावला साखरपुड्याची सुपारी फोडत होती. एक वाजून वीस मिनिटांनी लखोटा पेटीत पडला. तारबाबूंनी पोच मागितली. कारकून म्हणाला, "पेटीत टाकलं ना, झालं." तारबाबू तिथून हलले नाहीत. पाच बोटं मोजून म्हणाले, "पोच द्या. मग जातो आम्ही." कारकुनाने पोच लिहून दिली.

साडेतीनला पेटी उघडली. बंगलेवाल्या कंत्राटदारांचं टेंडर बयाणा चेकने दिल्यामुळे बाजूला ठेवलं गेलं. त्यांनी चाळिसाव्या पानाची तळटीप वाचली नव्हती. त्यांच्याकडे सारांश करणारा माणूस होता, पण तो फक्त मथळे वाचत असे. उरलेल्या तिघांत इंद्रायणीचा दर सगळ्यांत कमी निघाला. वाचून दाखवणारे साहेब पानं उलटत म्हणाले, "ह्या सह्या बाईंच्या आहेत?" शालनबाई मागून म्हणाल्या, "व्हय. मोजून घ्या." साहेबांनी खरंच मोजल्या.

वीस तारखेला सकाळी हिंदुरावांची लॉरी धुऊन, पुढे झेंडूचा हार घालून गिरणीपुढे उभी राहिली. दौलतरावांनी जरीचा फेटा बांधला होता. सोपानरावांनी लखोट्याला लावायला हळदकुंकू आणलं होतं.

"चला तारबाबू, टेंडर घ्या. सही करतो दोन."

तारबाबूंनी पोच पुढे केली आणि तिच्याखाली दरांची यादी ठेवली. दौलतरावांनी सोपानरावांकडून वाचून घेतली. एकदा. पुन्हा एकदा.

"आपला दर खाली हाय?"

"हो."

"म्हंजी काम मिळनार?"

"मिळालंच."

हिंदुरावांनी आनंदाने तारबाबूंना उचललं आणि लॉरीच्या फळीवर बसवलं. खांद्याने केलेला विचार ह्या वेळी बरोबर निघाला. पण दौलतरावांचा फेटा जागचा हलला नाही.

"ठराव वीसचा व्हता," ते म्हणाले. "अठराला कसं दिलं?"

तिथल्या तिथे, लॉरीच्या सावलीत, तातडीची बैठक झाली. पहिला ठराव: कमिटीने मुदतीत टेंडर भरून काम मिळवल्याबद्दल कमिटीचं अभिनंदन, एकमताने. दुसरा ठराव: चिटणीसांनी मंजूर तारखेचा भंग केल्याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस, तीन विरुद्ध एक. तिसरा: ह्यापुढे सारांशात बाडातल्या पानांचे नंबर घालू नयेत, त्याने सभासदांच्या मनात शंका उत्पन्न होते. तिन्ही ठराव तारबाबूंनी लॉरीच्या फळीवर बसूनच लिहिले, स्वच्छ अक्षरात. स्वतःला द्यायची नोटीसही त्यांनीच लिहिली आणि स्वतःच पोच दिली. शालनबाई ठरावापुरत्या थांबल्या होत्या. त्यांनी पाटी उचलली आणि पाये खोदायच्या माळाकडे जागा बघायला निघाल्या.

घरी अंबूबाई चिडल्या. "चांगलं चार पानी उत्तर लिहा! लाल पेन्सिल, निळी पेन्सिल, सगळं काढा! मी सांगते, तुम्ही उतरवा. पाबळपासून सुरू करा."

तारबाबूंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग कागद ओढला. बोटं मोजली आणि लिहिलं:

'अठरानंतर वीस येते.'

कमिटीने बराच ऊहापोह करून उत्तर समाधानकारक मानलं. कारण त्यात खोडता येईल असं काही सापडेना. सोपानरावांनी "येते" च्या जागी "येऊ शकते" अशी दुरुस्ती सुचवली होती, पण अनुमोदक मिळाला नाही.

फेब्रुवारीत कामाचा हुकूम आला. चौदा पानांचा. दौलतराव कुठेतरी निघाले होते, दारातूनच म्हणाले, "येका कागदात करून ठिवा तारबाबू. आन् तारखा जरा आमाला इचारून घाला."

"बरं," तारबाबू म्हणाले, आणि तीन पेन्सिलींना टोकं काढायला बसले. हुकमातल्या तारखेला, म्हणजे आठ दिवसांपूर्वीच, माळावर पायाचं खोदकाम सुरू झालं होतं.